तीन स्विच, आठ ओळी आणि एक ७४००: बूलियन समीकरण सोपं करून ब्रेडबोर्डपर्यंत कसं न्यायचं

कॉम्प्युटर किंवा आयटी डिप्लोमाला डिजिटल टेक्निक्स शिकताना बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. बूलियन अल्जेब्राचे नियम पाठ असतात, गेटची चिन्हं काढता येतात, पण 'खालील समीकरण सोपे करा' असा प्रश्न आला की पहिला नियम कोणता लावायचा ते सुचत नाही. उत्तर आलं तरी ते बरोबर आहे का, हे मागच्या पानावर पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे ट्रूथ टेबल. गणित तिथून सुरू करायचं आणि उत्तर तपासायला पुन्हा तिथेच यायचं. या लेखात मी एकच उदाहरण घेतलं आहे आणि ते कागदापासून आयसीपर्यंत पूर्ण नेलं आहे. वही उघडून सोबत लिहीत चला.

## जवळ काय हवं

कागदावरच्या कामाला आखलेली वही पुरते. प्रॅक्टिकलसाठी एक ब्रेडबोर्ड, ५ व्होल्टचा सप्लाय, ७४०० हा नँड गेटचा आयसी (एलएस मालिकेतला), तीन स्लाइड स्विच, एक एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर, जोडणीच्या वायरी आणि मल्टीमीटर घ्या. कॉलेजचा ट्रेनर किट मिळत असेल तर स्विच आणि एलईडी त्यावर बसवलेलेच असतात. सोबत आयसीची डेटाशीट किंवा निदान पिनांची आकृती ठेवा. पिना आठवणीवर जोडू नका, कारण ७४०० आणि ७४०२ दिसायला सारखे असले तरी ७४०२ मध्ये आउटपुट पिन १ वर असते आणि ७४०० मध्ये पिन ३ वर.

## १. आधी '1 म्हणजे काय' ते लिहा

आपलं उदाहरण सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचं आहे. खाली जमिनीत टाकी, वर गच्चीवर टाकी, मध्ये पंप. पंप कधी चालावा? खालच्या टाकीत पाणी असलंच पाहिजे, नाहीतर पंप कोरडा फिरून त्याचं सील जळतं. शिवाय पुढच्या दोनपैकी निदान एक गोष्ट घडायला हवी: वरच्या टाकीतलं पाणी कमी झालेलं असावं, किंवा वॉचमनने हाताने स्विच चालू केलेला असावा. लोडशेडिंगच्या आधी टाकी काठोकाठ भरून घ्यायची असते, त्यासाठी हा हाताचा स्विच.

आता प्रत्येक अक्षराचा अर्थ पूर्ण वाक्यात लिहा:

```
A = 1 : वरच्या टाकीत पाणी कमी आहे
B = 1 : खालच्या टाकीत पुरेसं पाणी आहे
C = 1 : हाताचा स्विच चालू आहे
Y = 1 : पंप चालू
```

ही पायरी वगळून लोक सरळ 'A म्हणजे वरची टाकी' असं लिहितात आणि पुढे सगळं गणित उलटं होतं. 'वरची टाकी' ही एक वस्तू आहे. तिला 1 किंवा 0 म्हणता येत नाही. खरं किंवा खोटं ठरू शकेल असं विधानच अक्षराला द्यायचं. विधान कसं निवडता यावर सर्किटही बदलतं. A = 1 चा अर्थ आपण 'वरची टाकी भरली' असा घेतला असता, तर समीकरणात A च्या जागी A' आला असता आणि एक जादा इन्व्हर्टर लागला असता. फ्लोट स्विच कोणत्या बाजूला बंद होतो ते पाहून हा अर्थ ठरवा.

लिहिण्याची एक सोय आधीच सांगतो. वहीत आपण अक्षरावर आडवी रेघ काढतो आणि 'ए बार' म्हणतो. इथे त्या बारच्या जागी A' असं लिहिलं आहे.

## २. आठ ओळी भरा, समीकरणाचा विचार नंतर

तीन इनपुट म्हणजे आठ ओळी, चार असते तर सोळा. ओळी बायनरी मोजणीच्या क्रमानेच लिहा. C चा रकाना प्रत्येक ओळीला बदलतो, B चा दर दोन ओळींनी, A चा दर चार ओळींनी. मनात येतील तशा ओळी लिहिल्या की एखादी दोनदा येते आणि एखादी सुटते.

```
ओळ   A B C   Y
0    0 0 0   0
1    0 0 1   0
2    0 1 0   0
3    0 1 1   1
4    1 0 0   0
5    1 0 1   0
6    1 1 0   1
7    1 1 1   1
```

Y चा रकाना भरताना प्रत्येक ओळ वाक्यासारखी वाचा. ओळ ५ सांगते की वर पाणी कमी आहे, वॉचमनने स्विचही दाबला आहे, पण खाली पाणी नाही. पंप चालवायचा का? नाही, म्हणून 0. असं वाचत गेलात की तुमची अट कुठे अपुरी आहे तेही दिसतं. उदाहरणार्थ, ओळ ३ मध्ये वरची टाकी कमी झालेली नसतानाही पंप चालतो. ते आपल्याला मान्य आहे का, हा प्रश्न याच ठिकाणी सोडवायचा. पुढे समीकरणात तो दिसतही नाही.

## ३. ज्या ओळीत 1, तिचं एक पद

Y = 1 असलेल्या ओळी ३, ६ आणि ७ आहेत. प्रत्येकीसाठी तिन्ही अक्षरांचा गुणाकार लिहायचा. ज्या इनपुटची किंमत 1 आहे ते अक्षर तसंच, ज्याची 0 आहे त्यावर बार. ओळ ३ मध्ये A शून्य आहे, म्हणून A'BC. ओळ ६ मधून ABC', ओळ ७ मधून ABC. या पदांना मिनटर्म म्हणतात, आणि त्यांची बेरीज म्हणजे एसओपी.

```
Y = A'BC + ABC' + ABC
```

A'BC हे पद फक्त ओळ ३ मध्येच 1 होतं, बाकी सातही ओळींत 0. म्हणजे प्रत्येक पद आपापल्या एका ओळीला ओळखतं, आणि बेरीज त्या सगळ्या ओळी एकत्र करते. हे लक्षात आलं की बार कुठे द्यायचा ते पाठ करावं लागत नाही.

टेबलात 1 जास्त आणि 0 कमी असतील तर उलटं करणं सोयीचं जातं. 0 असलेल्या ओळींवरून Y' लिहा आणि शेवटी सगळ्यावर एक बार द्या.

आहे हेच समीकरण जसंच्या तसं जोडायचं तर काय लागेल? दोन नॉट गेट, तीन इनपुटची तीन अँड गेट, आणि शेवटी ऑर. आयसीच्या भाषेत ७४०४, ७४११ आणि ७४३२ असे तीन आयसी.

## ४. सोपं करताना जोड्या शोधा

नियमांची पूर्ण यादी समोर ठेवून बसू नका. नजरेने एकच गोष्ट शोधा: अशी दोन पदं, ज्यांत फक्त एका अक्षराच्या बारचा फरक आहे. ABC' आणि ABC यांत फरक फक्त C चा आहे. मग AB बाहेर काढता येतं, कंसात C' + C उरतं, आणि त्याची किंमत नेहमी 1 असते.

```
Y = A'BC + ABC' + ABC
  = A'BC + AB(C' + C)
  = A'BC + AB
```

बरेच जण इथे थांबतात. हे चूक नाही, पण अजून लहान होतं. खूण अशी की एका पदात A आहे, दुसऱ्यात A' आहे, आणि B दोन्हींत आहे. B बाहेर काढा:

```
  = B(A'C + A)
  = B(A + A')(A + C)      बेरीज गुणाकारावर वाटली
  = B(A + C)
```

मधली ओळ शाळेच्या बीजगणितात चालत नाही, म्हणून ती कुणाला सहज सुचत नाही. बूलियनमध्ये मात्र X + YZ = (X + Y)(X + Z) खरं आहे. त्यामुळेच A + A'C चं A + C होतं. शब्दांत सांगायचं तर A एक असेल तर उत्तर आधीच 1 आहे, आणि A एक नसेल तेव्हा A' आपोआप 1 असतो, म्हणून तो वेगळा लिहायची गरज नाही.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण पुढे के-मॅप शिकताना तोच कामी येतो. X + X = X असल्याने ABC हे पद दोनदा लिहिलं तरी समीकरण बदलत नाही. एक ABC आपण A'BC ला जोडीदार देऊ, दुसरा ABC' ला.

```
Y = A'BC + ABC + ABC' + ABC
  = BC(A' + A) + AB(C' + C)
  = BC + AB
```

के-मॅपमध्ये एकच घर दोन गटांत घेता येतं ते याच कारणाने. आपल्या उदाहरणात ओळ ७ चं घर ३ सोबत आणि ६ सोबत असं दोनदा घेतलं जातं.

चुका कुठे होतात तेही पाहून घ्या. बूलियनमध्ये वजाबाकी आणि भागाकार नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखं पद उडवता येत नाही. A + B = A + C असेल तर B = C असेलच असं नाही. A = 1, B = 0, C = 1 घालून पाहा, दोन्ही बाजू 1 येतात. दुसरी चूक बायनरी बेरजेतून येते. तिथे 1 + 1 चं 10 होतं, इथे + म्हणजे ऑर, म्हणून 1 + 1 = 1. तिसरी चूक सगळ्यात जास्त गुण घालवते: A'B' आणि (AB)' एकच समजणं. A = 0, B = 1 घ्या. A'B' ची किंमत 0, (AB)' ची 1. वहीत लिहिताना बार सलग आहे की तुटक, हे नेमकं दिसेल असं काढा. तपासणाऱ्याला अंदाज करावा लागला तर गुण जातात.

## ५. उत्तर टेबलात घालून तपासा

आता B(A + C) चं वेगळं ट्रूथ टेबल करा. एकदम शेवटची किंमत काढू नका, मधला रकाना ठेवा.

```
A B C   A+C   B(A+C)   मूळ Y
0 0 0    0      0        0
0 0 1    1      0        0
0 1 0    0      0        0
0 1 1    1      1        1
1 0 0    1      0        0
1 0 1    1      0        0
1 1 0    1      1        1
1 1 1    1      1        1
```

शेवटचे दोन रकाने आठही ओळींत जुळले, म्हणजे उत्तर बरोबर. सातच जुळले तर उत्तर चूक. पण चुकलेली ओळ तुम्हाला वाटही दाखवते. त्या ओळीतल्या A, B, C च्या किमती गणिताच्या प्रत्येक पायरीत घालून पाहा. ज्या पायरीवर किंमत बदलते, तिथेच नियम चुकीचा लागला आहे. परीक्षेत वेळ कमी असेल तर निदान मूळ 1 असलेल्या सगळ्या ओळी आणि 0 असलेल्या दोन-तीन ओळी तरी घालून बघा. मात्र ही अर्धी तपासणी आहे, खात्री फक्त आठही ओळींनी होते.

चार-पाच इनपुट असतील तर घरी सराव करताना पायथनला कामाला लावा:

```python
from itertools import product
for A, B, C in product([0, 1], repeat=3):
    y1 = ((1-A) & B & C) | (A & B & (1-C)) | (A & B & C)
    y2 = B & (A | C)
    print(A, B, C, y1, y2, y1 == y2)
```

इथे बारसाठी `~A` वापरू नका. पायथनमध्ये `~0` ची किंमत -1 येते, 1 नाही. म्हणून `1-A` लिहिलं आहे.

## ६. 'लहान' म्हणजे काय, ते आयसी मोजून ठरवा

आपल्याकडे आता दोन उत्तरं आहेत. B(A + C) ला एक ऑर आणि एक अँड, अशी दोन गेट लागतात. AB + BC ला दोन अँड आणि एक ऑर, अशी तीन. कागदावर पहिलं लहान आहे आणि 'सोपे करा' एवढंच विचारलं असेल तर दोन्ही स्वीकारली जातात. एसओपी रूपात मागितलं असेल तर मात्र AB + BC हेच लिहा.

ब्रेडबोर्डवर हिशोब बदलतो. ऑर ७४३२ मध्ये मिळतं आणि अँड ७४०८ मध्ये, म्हणजे दोन गेटसाठी दोन आयसी, आणि प्रत्येकातली तीन गेट रिकामी. त्याऐवजी AB + BC नँडमध्ये बदलू:

```
Y = AB + BC
  = ((AB + BC)')'
  = ((AB)' · (BC)')'
```

दोनदा बार दिल्याने किंमत बदलत नाही. त्यांतला आतला बार डी मॉर्गनच्या नियमाने तोडला, की बेरजेचा गुणाकार होतो. बाहेरचा बार तसाच ठेवायचा. तोही तोडला तर पुन्हा जिथून निघालो तिथेच येतो. (हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईत जन्मले.) आता तिन्ही गेट नँड झाली. ७४०० मध्ये चार नँड असतात, म्हणून एकाच आयसीत सगळं बसतं आणि एक गेट उरतं. तीन गेटचं सर्किट दोन गेटच्या सर्किटपेक्षा स्वस्त पडलं. तोंडी परीक्षेत 'नँडला युनिव्हर्सल गेट का म्हणतात' हा प्रश्न येतो, तेव्हा हे उदाहरण सांगता येईल.

## ७. जोडणी

आयसीची खाच डावीकडे ठेवा. खालच्या रांगेत डावीकडून पिन १ ते ७, वरच्या रांगेत उजवीकडून ८ ते १४. पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ला ग्राउंड. सप्लाय बंद ठेवूनच पुढची जोडणी करा.

```
A -> पिन 1
B -> पिन 2 आणि पिन 4
C -> पिन 5
पिन 3 -> पिन 9
पिन 6 -> पिन 10
पिन 8 = Y
पिन 12, 13 -> ग्राउंड
```

Y पासून ३३० ओहममधून एलईडी, एलईडीचं दुसरं टोक ग्राउंडला. एलएस आयसी आउटपुटमधून करंट बाहेर कमी देतो आणि आत जास्त घेतो, म्हणून एलईडी मंद लागला तरी तो दोष नाही.

स्विच असे जोडा की एका बाजूला ते पिनला ५ व्होल्ट देतील आणि दुसऱ्या बाजूला ग्राउंड. पिन मोकळी राहता कामा नये. एलएस आयसीची मोकळी पिन साधारणपणे 1 सारखी वागते, 0 सारखी नाही. काही जण साधं बटण ५ व्होल्टला जोडतात आणि पिनपासून ग्राउंडला १० किलोओहम लावतात. या मालिकेत ते फसतं, कारण इनपुट पिनमधून बाहेर येणारा करंट त्या रेझिस्टरमधून जाताना पिनचा व्होल्टेज वर उचलून धरतो. 0 ओळखायला तो ०.८ व्होल्टच्या खाली हवा, तेवढा तो येत नाही. बटणच वापरायचं असेल तर रेझिस्टर ५ व्होल्टकडे आणि बटण ग्राउंडकडे लावा. मग बटण दाबलं की 0 मिळतो, ते ध्यानात ठेवून पायरी १ मधला अर्थ बदला.

## ८. चुकलेल्या ओळी वाचा

आठही ओळी स्विचने लावून एलईडीची नोंद करा. जुळलं नाही तर सगळ्या वायरी उपसू नका. कोणत्या ओळी चुकल्या ते आधी पाहा.

समजा ओळ १ आणि ५ मध्ये एलईडी लागतो आहे, बाकी सगळं ठीक आहे. दोन्ही ओळींत B = 0 आणि C = 1 आहे. म्हणजे BC च्या गेटला B शून्य असल्याचं कळतच नाही. पिन ४ ची वायर निसटली असणार. मोकळी पिन 1 धरली गेली, म्हणून समीकरण AB + C झालं, आणि AB + C च्या टेबलात नेमक्या याच दोन ओळी मूळ टेबलापेक्षा वेगळ्या येतात.

आता समजा फक्त ओळ २ चुकते आहे. इथे दोन शक्यता आहेत. A ची वायर निसटली तर समीकरण B + BC म्हणजे B होतं, C ची निसटली तर AB + B म्हणजे पुन्हा B. बाहेरून दोन्ही दोष सारखेच दिसतात. मग स्विच ओळ २ वर ठेवा आणि मल्टीमीटरने पिन ३ आणि पिन ६ मोजा. दोन्ही ठिकाणी 1 हवा. पिन ३ खाली असेल तर A ची वायर पाहा, पिन ६ खाली असेल तर C ची. 1 म्हणजे २ व्होल्टच्या वर, 0 म्हणजे ०.८ च्या खाली. मधलंच काही दिसलं तर आधी पिन १४ आणि ७ वरचा सप्लाय तपासा.

या सर्किटला खरा पंप थेट जोडायचा नाही. त्यासाठी ट्रान्झिस्टर, रिले आणि पुढे कॉन्टॅक्टर लागतो, आणि २३० व्होल्टचं काम सरांच्या देखरेखीखालीच होऊ द्या.

## ९. हे टेबल कुठे अपुरं पडतं

सर्किट बरोबर चालूनही पंपाच्या बाबतीत एक अडचण उरते. वरच्या टाकीतलं पाणी फ्लोटच्या पातळीशी आलं की A = 1 होतो आणि पंप सुरू होतो. थोडं पाणी चढताच A = 0 होतो आणि पंप बंद पडतो. कुणी नळ उघडला की पुन्हा सुरू. रिले सारखा टकटक करत राहतो आणि मोटर तापते.

याचा उपाय दोन फ्लोट: खालच्या खुणेला पंप सुरू, वरच्या खुणेला बंद. पण आता याचं ट्रूथ टेबल मांडून पाहा. पाणी दोन खुणांच्या मध्ये असतानाच्या ओळीत काय लिहाल? पाणी चढत असेल तर 1 हवा, उतरत असेल तर 0. इनपुट तेच, पण उत्तरं दोन. अशी ओळ आली की समजा, फक्त गेटांच्या जाळीने हे काम होणार नाही, सर्किटला आधीची स्थिती लक्षात ठेवावी लागेल. त्यासाठी दोन नँड गेट घेऊन प्रत्येकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडायचं. तेच एसआर लॅच, आणि सीक्वेन्शियल सर्किटचा भाग तिथूनच सुरू होतो. ७४०० मधलं चौथं नँड आपण ग्राउंड करून ठेवलं होतं. ते आता मोकळं करा, आणि जोडीला दुसऱ्या ७४०० मधलं एक घ्या.